माझ्याच हाताने लिहिलेली एक ओळ

"शिबिराचा व त्यानंतरच्या एका दिवसाचा कालावधी माझ्या अर्जित रजेतून मंजूर करण्यात यावा, ही विनंती." ही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली, खाली सही केली आणि ती खोडून निघायला मला पुढे दोन महिने लागले. खेळायला रजा मिळाली नाही म्हणून रडणारे बरेच भेटतात. माझं तसं झालं नाही, रजा मिळाली. फक्त चुकीची मिळाली, आणि ती मीच मागितली होती.

मी जळगावात एका केंद्र सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि खो-खो खेळते. माहेर अमळनेरकडचं. शाळेच्या मैदानावर, काळ्या मातीत खेळून मोठी झालेली. नोकरी लागल्यावर लोकांना वाटलं, आता पोरगी खुर्चीत बसेल. बसले मी खुर्चीत, पण सकाळी साडेपाच ते साडेसात मैदान सोडलं नाही. जळगावचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना साडेपाच का, हे सांगायला नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्याच जिल्ह्यातल्या दोन-तीन खेळाडूंचा इथे घोटाळा झालेला आहे. केंद्राच्या नियमात खेळासाठी विशेष नैमित्तिक रजा आहे. वर्षाला ३० दिवसांपर्यंत. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, एप्रिल ते मार्च नव्हे. पण ही रजा प्रत्येक स्पर्धेला नाही. स्पर्धा राष्ट्रीय पातळीची म्हणजे आंतरराज्य किंवा आंतरविभागीय हवी, आणि तुम्ही संघातून, त्या राज्याचे रीतसर नेमलेले प्रतिनिधी म्हणून खेळत असला पाहिजेत. स्वतःच्या हौसेने, स्वतः फी भरून भाग घेतलात तर नाही. आमच्याच कार्यालयातल्या एकाने मुंबईची मॅरेथॉन पळायला दोन दिवस मागितले होते. छातीवर नंबर होता, पदक होतं, फोटो होता. रजा मिळाली नाही, कारण तो कोणाचाही प्रतिनिधी नव्हता, स्वतःसाठी पळाला होता. त्याला राग आला, पण नियम वाचल्यावर मला तो नकार बरोबर वाटला.

म्हणजे फेब्रुवारीत मी जळगाव जिल्ह्याकडून राज्य अजिंक्यपद खेळले, तीही या रजेत बसत नव्हती. ती आंतरजिल्हा स्पर्धा, आंतरराज्य नव्हे. त्यासाठी साध्या नैमित्तिक रजेतले चार दिवस गेले. आम्हाला वर्षाला आठच सीएल मिळतात. वर्षाचा दुसरा महिना संपण्याआधी निम्म्या संपल्या. जिल्ह्याकडून खेळणाऱ्या प्रत्येक नोकरदार खेळाडूचं हे असंच असतं. राज्याच्या संघात निवड होईपर्यंतचा सगळा रस्ता स्वतःच्या सीएलवर चालायचा असतो, आणि घरात लग्न किंवा आजारपण निघालं की हात रिकामे.

त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, बक्षीस समारंभानंतर, महाराष्ट्राच्या संघाची यादी वाचून दाखवली. माझं नाव शेवटून दुसरं होतं. मैदानावरच आईला फोन लावला. ती म्हणाली, "आनि तुन्हा सायेब? तुले रजा दी का तो?" माझ्या आधी तिच्या लक्षात आलं होतं.

आठवड्याभराने व्हॉट्सअॅपवर पत्र आलं. राज्य संघटनेचं लेटरहेड, खाली सही. मजकूर असा: "आपली महाराष्ट्र राज्य संघात निवड झाली असून, स्पर्धापूर्व सराव शिबिराचे आयोजन १८ ते २५ मार्च या कालावधीत करण्यात आले आहे. तरी सर्व खेळाडूंनी शिबिरास उपस्थित राहावे." खाली स्पर्धेच्या तारखा होत्या, २९ मार्च ते २ एप्रिल, ओडिशात. मला हे पत्र पूर्ण वाटलं. त्यात दोन शब्द कमी होते. ते कोणते, हे कळायला मला शिबिरापर्यंत जावं लागलं.

आमच्याकडे आस्थापना शाखेत नाना आहेत. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, टेबलावर नेहमी एक केळं. फायलीच्या बाबतीत नाना म्हणजे दगड. हलत नाहीत, पण एकदा जागेवर बसले की फाइलही हलत नाही. मी पत्राची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला.

"जावक क्रमांक कुठे आहे?"

नव्हता. तारीखही नव्हती. पत्र मला उद्देशून होतं, कार्यालय प्रमुखांना उद्देशून नव्हतं. नाना म्हणाले, "बाई, हे तुला आलेलं आमंत्रण झालं. आम्हाला काय आलं? लग्नपत्रिका दाखवून वरातीची रजा मिळते, ही रजा तशी नाही मिळत." मग त्यांचा पुढचा प्रश्न, जो मला त्या वेळी वेडगळ वाटला होता: "महाराष्ट्राचे खो-खोत किती संघ जातात?"

खरं सांगते, मी चाटच पडले. कारण नानांना कुठूनतरी माहीत होतं की राष्ट्रीय खो-खोत महाराष्ट्र, विदर्भ आणि कोल्हापूर असे तीन वेगळे संघ उतरतात. रेल्वेचाही स्वतंत्र संघ असतो. भुसावळची माझी एक मैत्रीण रेल्वेकडून खेळते, तिच्या रजेचा पत्रव्यवहार तिचं खातंच बघतं. तिला नानांसारखे नाना कधी भेटलेच नाहीत. नानांचं म्हणणं असं की नियमात "राज्याचा प्रतिनिधी" लिहिलंय, आणि एका राज्यातून तीन संघ जात असतील तर लेखापरीक्षणवाला विचारेल, यातलं राज्य कोणतं? मी सांगितलं, मी "महाराष्ट्र" लिहिलेल्या संघात आहे, खान्देशातले तिन्ही जिल्हे त्याच संघटनेत येतात. नानांनी ते कच्च्या टिपणीत लिहून घेतलं. पुढे कोणीच तो प्रश्न विचारला नाही, पण विचारला असता तर उत्तर फायलीत तयार होतं. नानांची कामाची पद्धत ही अशी.

दुसरं पत्र यायला चार दिवस लागले. या वेळी जावक क्रमांक होता, तारीख होती, कार्यालय प्रमुखांना उद्देशून होतं, आणि "महाराष्ट्र राज्याचे प्रतिनिधित्व करण्यासाठी निवड" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ही ओळ मीच संघटनेच्या सचिवांना फोनवर सांगितली होती, नानांनी मला सांगितली तशी. म्हणजे एक उणा शब्द भरून निघाला. शिबिराची ओळ मात्र जशीच्या तशी राहिली: आयोजन करण्यात आले आहे, उपस्थित राहावे. ती बदलून घ्यायची हे ना मला सुचलं, ना नानांना.

मग साहेबांकडे.

साहेब वाईट माणूस नाही, हे आधी लिहून टाकते. पण मार्च होता. ज्यांनी सरकारी कार्यालयात मार्च काढलाय त्यांना माहीत आहे की ३१ तारखेच्या आठवड्यात बिलं, समायोजनं आणि शिल्लक अनुदान यांच्यापुढे माणूस म्हणजे फक्त दोन हात असतात. माझ्या टेबलावर एका शाखेची सगळी बिलं. साहेबांनी अर्ज वाचला, कॅलेंडर ओढलं आणि पेन्सिलीने मोजायला लागले. शिबिर १८ ते २५, म्हणजे आठ दिवस. २६ रिकामा. २७ आणि २८ जायचा प्रवास. २९ ते २ स्पर्धा, पाच दिवस. ३ आणि ४ परतीचा प्रवास. एकूण अठरा.

"अठरा दिवस, आणि त्यात एकतीस मार्च," ते म्हणाले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्पर्धेचे आणि प्रवासाचे नऊ दिवस मी विशेष नैमित्तिकमध्ये देतो. त्यात प्रश्न नाही. शिबिर मला त्या नियमात दिसत नाही. ते तू अर्जित रजेत टाक."

मी विचारलं, "सर, तुम्हीच तसं मंजूर कराल का?"

"मी नाही करू शकत. रजेचा प्रकार मी परस्पर बदलू शकत नाही. तू तसं लिहून दे."

त्या क्षणी मला हे वाक्य अडचण वाटलं. ते खरं तर माझ्या बाजूचं होतं. रजा नियमांत असं आहे की कामाच्या गरजेपोटी अधिकारी रजा नाकारू शकतो, पण कर्मचाऱ्याने मागितलेल्या रजेचा प्रकार त्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. म्हणजे मी अर्ज जसाच्या तसा ठेवला असता तर साहेबांना "होय" किंवा "नाही" म्हणावं लागलं असतं, आणि "नाही" का, हे टिपणीत यायला लागलं असतं. ते कारण वर गेलं असतं, कुणीतरी नियम शोधला असता. मी ती पायरीच येऊ दिली नाही. शिबिर चार दिवसांवर होतं. मला वाटलं, आत्ता नाही म्हणाले तर सगळंच जाईल. मी बाहेर आले, नानांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि ती ओळ लिहिली.

त्यात आणखी एक खोच निघाली, नानांनी दाखवलेली. २६ तारखेचा रिकामा दिवस मी सीएलवर घेणार होते, चार सीएल शिल्लक होत्या. नाना म्हणाले, "अर्जित रजेला सीएल जोडता येत नाही. अर्जितला विशेष नैमित्तिक जोडता येते, साधी नाही." म्हणजे तोही दिवस अर्जितमध्ये गेला. नऊ दिवस. वर अर्जित रजेच्या मधले शनिवार-रविवार मोजले जातात. आमचं कार्यालय पाच दिवसांचं. शिबिराच्या आठ दिवसांत कामाचे दिवस सहाच होते, खात्यातून आठ गेले. आम्हाला अर्जित रजा सहा महिन्यांना पंधरा मिळते, १ जानेवारीला आणि १ जुलैला जमा होते. त्यातल्या नऊ एका सहीने गेल्या.

मुख्यालय सोडण्याची परवानगी त्याच अर्जात मागून घेतली. हे लोक विसरतात आणि मग परतल्यावर स्पष्टीकरण लिहीत बसतात. बिलांचा पदभार शेजारच्या टेबलावरच्या ताईंना दिला. एका वहीत चाळीस ओळी लिहून दिल्या, कोणतं बिल कुठे अडलंय आणि कोणाला फोन करायचा. ताई म्हणाल्या, "पदक आण, नाहीतर भरीत-पार्टी तुझ्याकडून." भरीत-पार्टी मार्चमध्ये होत नाही हे दोघींनाही माहीत होतं, भरिताची वांगी हिवाळ्यातली.

शिबिराबद्दल फार लिहीत नाही, फक्त एवढंच की ते चैनीचं नव्हतं. आम्ही जिल्ह्यात मातीवर खेळतो. राष्ट्रीय स्पर्धा मॅटवर होते. मातीत सूर मारला की अंग सरकतं, मॅटवर ते अडकतं. खांबाजवळ वळताना मातीत पाय थोडा घसरतो आणि त्या घसरण्याचा अंदाज शरीराने घेतलेला असतो. मॅटवर बूट धरून ठेवतो आणि गुडघा फिरतो. पहिल्या दिवशी माझे दोन्ही कोपर सोलले. तिसऱ्या दिवशी शरीराला समजलं. पाठलागाच्या साखळ्या, कोण कोणाला खो देणार, संरक्षणाच्या तीन-तीनच्या तुकड्या, हे सगळं तिथेच ठरतं. बारा जिल्ह्यांतून आलेल्या मुली आठ दिवस एकत्र खेळल्याशिवाय संघ होत नाही. हे सगळं मी नंतर अर्जात लिहिलं, थोडक्यात. पण ते पुढे.

शिबिरात माझ्या खोलीत एक मुलगी होती, तीही दुसऱ्या शहरात केंद्राच्याच नोकरीत. रात्री गुडघ्याला बर्फ लावत बसलो होतो तेव्हा रजेचा विषय निघाला. मी सांगितलं, माझ्या नऊ अर्जित गेल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. "अर्जित कशाला? माझी तर ड्युटी लागलीये."

तिच्याकडे मोबाइलमध्ये तिच्या कार्यालयाचा आदेश होता. त्यात संदर्भ म्हणून केंद्राच्या कार्मिक विभागाचं १६ जुलै १९८५ चं कार्यालयीन ज्ञापन होतं. त्यातलं मला त्या रात्री समजलं ते असं: राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धेसाठी निवड झालेल्या कर्मचाऱ्याचे प्रत्यक्ष सहभागाचे दिवस आणि जाण्या-येण्याच्या प्रवासाचे दिवस हे कर्तव्यकाळ म्हणून धरता येतात. आणि त्या स्पर्धेसाठी पूर्वतयारीचं शिबिर असेल, आणि कर्मचाऱ्याला त्याला हजर राहणं आवश्यक असेल, तर तेही दिवस कर्तव्यकाळ.

म्हणजे विशेष नैमित्तिक रजाही लागली नसती. ड्युटी. मी इतकी वर्षं "खेळाची रजा, खेळाची रजा" म्हणत होते, आणि ज्ञापन म्हणत होतं की ही रजाच नाही.

"पण तुझ्या पत्रात काय लिहिलं होतं शिबिराबद्दल?" मी विचारलं. तिने दाखवलं. तेच लेटरहेड, तीच सही, तीच तारीख. फक्त तिच्या पत्रात "शिबिरास उपस्थिती अनिवार्य असून अनुपस्थित खेळाडूस संघातून वगळण्यात येईल" अशी ओळ होती. तिने ती मागून घेतली होती. आधी एकदा तिचंही असंच झालं होतं. "उपस्थित राहावे" हे निमंत्रण झालं, "अनिवार्य" म्हणजे गरज. ज्ञापनातली अट त्या एका शब्दावर उभी आहे. माझ्या पत्रात तो शब्द नव्हता.

खेळाबद्दल दोन ओळी. पाचही दिवस संघात होते, मुख्य नऊ जणींत नाही, बदली म्हणून. तीन सामन्यांत मैदानावर उतरले, एका सामन्यात शेवटची अडीच मिनिटं संरक्षण केलं आणि नाबाद राहिले. ती अडीच मिनिटं मला अजून तोंडपाठ आहेत. बाकी निकाल वर्तमानपत्रात येतो.

४ एप्रिलला रात्री भुसावळला उतरले, सोमवारी हजर झाले. रुजू अहवालासोबत सहभागाचं प्रमाणपत्र आणि जाण्या-येण्याच्या तिकिटांच्या प्रती जोडल्या. तिकिटं जपून ठेवली हे नशीब. संघाचं आरक्षण एकत्र असतं, तिकीट व्यवस्थापकाकडे राहतं, आणि मग आपल्या हातात प्रवासाचा काहीच पुरावा नसतो. मी स्पर्धेच्या शेवटच्या दिवशीच व्यवस्थापकांकडून त्या तिकिटाचा फोटो घेतला होता. माझं नाव, डब्याचा नंबर, मी गाडीत भुसावळला चढल्याची नोंद. २६ तारखेला मी घरी होते आणि २७ ला मुंबईहून येणाऱ्या संघाच्या गाडीत भुसावळला बसले, हे त्यातून दिसत होतं.

त्या दिवशी दुपारी नानांसमोर ज्ञापनाची प्रत ठेवली. नानांनी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बोट लावून वाचली. मग एवढंच म्हणाले, "हे आधी आणायचं ना गं."

"नाना, मला माहीत असतं तर आणलं नसतं का?"

"मलाही माहीत असायला पाहिजे होतं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मी नानांना असं म्हणताना एकदाच ऐकलं.

नानांच्या मते घाई करायला हवी होती. मंजूर होऊन भोगलेल्या रजेचा प्रकार बदलायची विनंती रजा संपवून कामावर रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत करायची असते. माझी रजा ४ एप्रिलला संपली होती. पण घाईपेक्षा मोठी अडचण त्या शब्दाची होती. संघटनेच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "नवीन पत्र देतो, मागची तारीख टाकू का?" मी नको म्हणाले. हे मुद्दाम लिहिते, कारण मोह पडतो. मागच्या तारखेचं पत्र म्हणजे जावक नोंदवहीत न बसणारं पत्र, आणि नानांसारखा माणूस जावक क्रमांकाच्या आधीचा-नंतरचा क्रमांक बघतोच. मी नवीन तारखेचं प्रमाणपत्र मागितलं: "सदर शिबिरास निवड झालेल्या सर्व खेळाडूंची उपस्थिती अनिवार्य होती व सदर खेळाडू १८ ते २५ मार्च या कालावधीत पूर्णवेळ उपस्थित होती." सोबत शिबिराच्या हजेरीपटाची सहीची प्रत. शिबिर झाल्यानंतर ते अनिवार्य होतं असं प्रमाणित करणं यात खोटं काहीच नाही. मॅटची गोष्ट मी इथेच लिहिली, एका परिच्छेदात, की हे शिबिर कशासाठी आवश्यक होतं.

दुसरा अर्ज मी इंग्रजीत दिला, त्याचा गाभा मराठीत असा होता. एक, स्पर्धेचे पाच दिवस आणि प्रवासाचे चार दिवस, जे विशेष नैमित्तिक रजेत मंजूर झाले, ते १९८५ च्या ज्ञापनानुसार कर्तव्यकाळ धरावेत. दोन, शिबिराचे आठ दिवस, जे मी अज्ञानाने अर्जित रजेत मागितले, तेही कर्तव्यकाळ धरून अर्जित रजा खात्यात परत जमा करावेत. तीन, २६ तारीख ही ना शिबिराची, ना प्रवासाची, ना स्पर्धेची. ती सीएलमध्ये धरावी आणि तिचीही अर्जित परत करावी. "अज्ञानाने" हा शब्द नानांनी घालायला लावला. म्हणाले, चूक आपली होती हे स्पष्ट लिहिलं की साहेबांना सही करायला हलकं जातं.

तिसऱ्या मुद्द्याचं गणित मला आवडलं होतं. पहिल्या वेळी सीएल जोडता आली नाही, कारण बाजूला अर्जित होती. आता बाजूचे दिवस कर्तव्यकाळ झाले तर तो दिवस दोन ड्युटींच्या मध्ये एकटाच उरत होता, आणि एकट्या दिवसाला सीएल घेता येते.

फाइल वर गेली आणि वरच्या कार्यालयातून एक प्रश्न घेऊन खाली आली: "विशेष नैमित्तिक रजा मंजूर असताना कर्तव्यकाळाची आवश्यकता काय?" प्रश्न बावळट नव्हता. दोन्हीत पगार मिळतो आणि रजा खात्याला दोन्ही लागत नाहीत. स्पर्धेच्या नऊ दिवसांपुरता फरक खरंच थोडा होता. नानांनी टिपणी लिहिली की दोन आदेश वेगवेगळे आहेत, शिबिराच्या दिवसांना ज्ञापनात स्पष्ट जागा आहे आणि एकाच स्पर्धेचे दिवस दोन पद्धतींनी दाखवले तर सेवापुस्तिकेत विसंगती राहील. शिवाय वर्षभराच्या त्या ३० दिवसांतले नऊ विनाकारण कमी होतील, आणि मी डिसेंबरच्या आत पुन्हा निवडले गेले तर अडचण माझीच. हा शेवटचा मुद्दा मला सुचला नव्हता.

साहेबांनी वाचलं, मला बोलावलं. "मग मार्चमध्ये तू मला हे का नाही दाखवलंस?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही लिहून दे म्हणालात, मी लिहून दिलं."

ते हसले, पण थोडं वाईट वाटल्यासारखं. सही केली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आदेश आला. सतरा दिवस कर्तव्यकाळ. अर्जित रजा खात्यात नऊ दिवस परत जमा. सेवापुस्तिकेत लाल शाईने जुनी नोंद रद्द आणि बाजूला नवी नोंद, नानांच्या त्या ठसठशीत अक्षरात. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे खेयाले जावाले बी सरकार पगार देस?" मी म्हटलं, हो, पण पत्रात 'अनिवार्य' लिहिलेलं पाहिजे. तिला ते काही पटलं नाही.

नानांनी त्या सगळ्या कागदांची एक वेगळी संचिका केली. वर लिहिलं, "खेळाडू कर्मचारी : कर्तव्यकाळ", आत पहिल्या पानावर ज्ञापनाची प्रत, दुसऱ्यावर संघटनेच्या पत्राचा मसुदा, 'प्रतिनिधित्व' आणि 'अनिवार्य' या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. ती कपाटात ठेवताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"आणि सव्वीस मार्चचा सीएलचा फॉर्म? तो अजून दिला नाहीस. आदेशात सीएल आली, फॉर्म कुठे आहे?"

मी टेबलावरून फॉर्म ओढला.